ओट्स ढवळायचे, क्विनोआला हात लावायचा नाही: गॅसवर शिजवताना पाणी किती, वेळ किती

आमच्या घरात सकाळी सातला दोन शेगड्यांवर दोन पातेली असतात. एकात मामांसाठी म्हणजे सासऱ्यांसाठी ओट्स, कारण त्यांना दातांचा त्रास आहे, भाकरी आता दुधात कुस्करूनच खातात आणि सकाळी काहीतरी गरम आणि मऊ लागतं. दुसऱ्यात क्विनोआ, तो ह्यांच्या डब्यासाठी, आणि तो मात्र मोकळा पाहिजे, दुपारी एकला डबा उघडल्यावर गोळा दिसला की तसाच परत येतो. दोन्ही शिजवायला सोपेच आहेत पण मला नीट जमायला वेळ लागला कारण मी दोन्हीला एकसारखंच वागवत होते, म्हणजे पाणी उकळायचं, टाकायचं, ढवळत राहायचं, आटलं की बंद. त्यात ओट्स कधी लापशीसारखे तर कधी खळीसारखे व्हायचे आणि क्विनोआ खालून चिकटलेला, वरून कच्चा. म्हणून आता जे पक्कं बसलंय ते सगळं सविस्तर लिहितेय, माप आणि वेळेसकट.

आधी मापाचं सांगते. माझी वाटी १५० मिलीची आहे, साधी आमटीची स्टीलची वाटी. तुमची लहानमोठी असली तरी चालतं, फक्त ज्या वाटीनं धान्य घेतलं त्याच वाटीनं पाणी घ्यायचं आणि दोन्ही सपाट भरायच्या, धान्य शीग लावून आणि पाणी सपाट असं केलं की सगळं गणित चुकतं. ह्या वाटीत ओट्स साधारण ५५ ग्रॅम बसतात आणि क्विनोआ ११० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दुप्पट. ओट्स चपटे आणि हलके, मधे हवा राहते, क्विनोआ मोहरीसारखा गच्च बसतो. त्यामुळं वजनावर माप घ्यायची सवय असेल तर खालचे आकडे तसेच लावू नका, हे सगळे वाटीचे आहेत.

ओट्स: आधी पाकीट उलटून बघा

रोल्ड ओट्स म्हणजे अख्खे ओट्स सोलून, वाफवून, रोलरखाली चपटे केलेले. दिसायला जाड पोह्यांसारखे, एकेक पाकळी अख्खी आणि गोल. वाफवलेले असतात म्हणून लवकर शिजतात. पण दुकानात जे पाकीट पटकन हातात येतं ते बऱ्याचदा क्विक ओट्स असतात, ते आणखी बारीक तुकडे करून आणखी पातळ लाटलेले. पाकिटाच्या मागं शिजवायची वेळ लिहिलेली असते ती बघा, ३ मिनिटं किंवा कमी असेल तर ते क्विक, ५ मिनिटं किंवा जास्त असेल तर रोल्ड धरा, आणि घरी आल्यावर चिमूटभर तळहातावर घेऊन बघा, चुरा जास्त आणि पाकळ्या तुटक्या दिसल्या तर पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, वेळ कमीच द्यायचा. मी सुरुवातीला ३ मिनिटंवाले आणून ८ मिनिटं उकळत बसायचे आणि मग म्हणायचे ओट्स चिकटच असतात. ते चिकट नव्हते, मी त्यांचा लगदा करत होते.

आणि एक, ओट्समधे तेलाचा अंश गव्हा-तांदळापेक्षा जास्त असतो. आपल्याकडं एप्रिल-मे मधे स्वयंपाकघरात जी उष्णता असते त्यात उघडं पाकीट ठेवलं तर खवट वास येतो, जुन्या शेंगदाण्यासारखा. तो वास शिजवून जात नाही, दूध-गूळ घालूनही झाकत नाही. उन्हाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमधे ठेवा आणि शिजवायच्या आधी नाकाला लावून बघा.

आता मुख्य गोष्ट. ओट्स शिजताना त्यांच्यातला स्टार्च आणि एक बुळबुळीत प्रकारचा फायबर बाहेर पाण्यात येतो आणि ते पाणीच दाट होतं. म्हणजे ओट्समधे पाणी नुसतं आटत नाही, त्याचं खिरीसारखं होतं. तुम्ही जितकं ढवळाल तितक्या पाकळ्या एकमेकींवर घासतात, तितकं ते जास्त बाहेर येतं आणि पोत मऊ, सायीसारखा होतो. कमी ढवळलं तर पाकळ्या अख्ख्या राहतात आणि दातांखाली येतात. पाणी गार असताना ओट्स टाकून मग गॅस लावला तर जास्त मऊ आणि एकजीव, उकळत्या पाण्यात टाकले तर जास्त सुटे. ह्या दोन गोष्टी, ढवळणं आणि पाणी गार की गरम, ह्याच्यावरच सगळं आहे, पाण्याचं माप त्याच्यानंतर.

मामांसाठी मी करते ते असं. १ वाटी ओट्स, २ वाटी गार पाणी, चिमूटभर मीठ, सगळं एकदमच पातेल्यात. पातेलं उंच घ्या, म्हणजे ओट्स तळाच्या पाव भागातच दिसले पाहिजेत, कारण उकळी आली की हे दुधासारखं फेसाळून वर येतं आणि शेगडीवर सांडलं की वाळून कडक होतं, घासून निघत नाही. मध्यम आचेवर ठेवायचं, ४-५ मिनिटांत कडेनं बुडबुडे येतात, तिथून घड्याळ लावायचं. आच बारीक करायची आणि ५ ते ७ मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला तळापासून एकदा ढवळायचं, गोल गोल वरवर नाही, चमचा तळाला टेकवून.

बघायचं काय ते सांगते. पहिल्या दोन मिनिटांत पाणी वेगळं आणि ओट्स वेगळे दिसतात, पाणी पांढुरकं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बुडबुड्यांचा आवाज बदलतो, आधी खळखळ असतो तो आता फद फद असा जड येतो, पिठलं शिजताना येतो ना तसा. मग चमच्यानं तळाला एक रेघ ओढायची. रेघ लगेच बुजली तर अजून एक मिनिट. रेघ क्षणभर दिसून हळूहळू बुजली तर गॅस बंद. रेघ तशीच राहिली म्हणजे उशीर झाला, दोन चमचे गरम पाणी घाला. बंद करताना ते तुम्हाला हवंय त्याच्यापेक्षा थोडं सैलच दिसलं पाहिजे कारण झाकण ठेवून २-३ मिनिटं मुरलं की ते अजून घट्ट होतं, आणि वाटीत ओतून गार होईपर्यंत आणखी. ही गोष्ट न कळल्यामुळं मी महिनाभर रोज घट्ट गोळा वाढला असेल, पातेल्यात छान दिसायचं आणि मामा आंघोळ करून येईपर्यंत चमचा उभा राहायचा.

१ ला २ हे माप मऊ पण चमच्यानं खायचं असं देतं, गरम सांज्यापेक्षा सैल. १ ला ३ घेऊन ८ ते १० मिनिटं दिलं तर पेजेसारखं, ओतता येईल असं, आजारपणात किंवा मामांना दात फारच दुखतात त्या दिवशी तेच करते. ह्यात पाकळ्या जवळजवळ विरघळतात, हुलग्याचं माडगं पिताना घशाला जसं लागतं तसं लागतं. आणि १ ला दीड ते पावणेदोन पाणी आधी उकळून घेतलं, मग ओट्स टाकले, एकदा हलवून ४-५ मिनिटं बारीक आचेवर सोडले आणि २ मिनिटं झाकले तर घट्ट, पाकळी पाकळी कळणारे, चावून खायचे. आत्यांना म्हणजे सासूबाईंना असे आवडतात. पहिल्यांदा दिले तेव्हा खाऊन म्हणल्या, "अगं, हे कण्यांसारखं लागतंय की." आणि खरंच तसंच आहे, ज्वारीच्या कण्या ताकात घालून खाणाऱ्याला हा पोत ओळखीचा वाटतो, त्यांनी तर वरून ताक आणि शेंगाची चटणी घेतली आणि ते मला दूध-गुळापेक्षा जास्त आवडलं.

दुधात करायचे असतील तर सगळं दूध घेऊन उकळू नका. दूध तळाला धरतं आणि ओट्स धड शिजायच्या आधीच दाट होतं. १ वाटी ओट्सला दीड वाटी पाणी, त्यात ४ मिनिटं शिजवून घ्या, मग एक वाटी गरम दूध घालून २-३ मिनिटं. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून, दोन मिनिटं थांबून मग घाला, उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटू शकतं आणि मग ते दाणेदार दिसतं, खाता येतं पण बघवत नाही.

उपम्यासारखे मोकळे ओट्स पाहिजेत तर तिथं हे एकही माप चालत नाही. १ वाटी ओट्स चमचाभर तुपावर किंवा कोरडेच मंद आचेवर ४-५ मिनिटं भाजायचे, रंग बदलायची वाट बघायची नाही, भाजल्याचा खमंग वास आला आणि हातात घेऊन चुरल्यावर कुरकुर तुटले की झाले. भाजल्यानं पाकळीचा वरचा थर कोरडा आणि घट्ट होतो, तो लगेच पाण्यात सुटत नाही. मग फोडणीत पाऊण वाटी, फार तर एक वाटी पाणी उकळवायचं, भाजलेले ओट्स टाकायचे, उलथन्यानं वरखाली एकदाच करायचं आणि झाकून ३ मिनिटं अगदी बारीक आच. पाणी कमी वाटतं, टाकताना भीती वाटते, पण जास्त घातलंत की उपमा नाही, खीर होते, आणि ती परत मोकळी होत नाही. कमी पडलं तर हातानं शिंपडून वाढवता येतं.

क्विनोआ: धुणं अर्धं काम

क्विनोआ दिसतो धान्यासारखा पण तो गवताच्या कुळातला नाही, तो आपल्या चाकवताचा सख्खा भाऊ आहे, आणि राजगिराही त्याच कुळातला. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू-बोलिव्हियाकडच्या डोंगराळ भागातला. हे सांगायचं कारण, ह्याच्या दाण्यावर सॅपोनिन नावाचा कडू थर असतो, पाण्यात घासला की साबणासारखा फेस येतो, आपल्या रिठ्यात जे असतं त्याच जातीचं. विकायच्या आधी तो बराचसा काढलेला असतो पण सगळा जातोच असं नाही. मी पहिल्यांदा केला तेव्हा पाकिटावर धुतलेला असं लिहिलं होतं म्हणून तसाच टाकला, आणि घरात सगळ्यांनी एकेक घास घेऊन ताट बाजूला सारलं, जिभेच्या मागच्या बाजूला कडवट आणि साबण लागल्यासारखी चव. फोडणी, लिंबू, कशानंच ती गेली नाही. त्यामुळं पाकिटावर काहीही असलं तरी धुवा.

धुवायचं असं. पातेल्यात क्विनोआ घेऊन बुडेल एवढं पाणी घालायचं, तांदूळ धुतो तसं बोटांनी चोळायचं, फेस येतो तो दिसतो. पाणी काढायला मोठ्या भोकांची चाळणी चालत नाही, सगळा क्विनोआ मोरीत जातो, चहाची बारीक गाळणी घ्या किंवा जुन्या मऊ सुती कपड्यावर ओता. असं ३ वेळा, फेस यायचा थांबला आणि पाणी स्वच्छ दिसलं की पुरे, आणि खात्री करायची असेल तर दोन दाणे चावून बघा, कडू लागले तर अजून एकदा. आमच्याकडं पाणी रोज येत नाही म्हणून मी हे धुतलेलं पाणी बादलीत धरून अंगण धुवायला वापरते. मग गाळणीतच ५ मिनिटं निथळू द्यायचं. ह्या निथळण्याला महत्त्व आहे, कारण ओल्या दाण्यांना दोन-तीन चमचे पाणी चिकटून राहतं आणि ते मापात धरलेलं नसतं.

निथळल्यावर मी तो चमचाभर तेलावर परतून घेते, मध्यम आचेवर ३-४ मिनिटं. आधी सगळा एकत्र गोळा फिरतो, मग पाणी सुकत जातं आणि दाणे सुटे होतात, तडतड असा बारीक आवाज यायला लागतो आणि भाजक्या शेंगदाण्यासारखा वास. तिथं थांबायचं. ह्यानं दोन फायदे होतात, चिकटलेलं पाणी उडून जातं म्हणजे माप बरोबर बसतं, आणि दाणा मोकळा राहतो. घाई असेल तर परतू नका, पण मग मापातलं पाणी दोन चमचे कमी करा.

आता पाणी. पाकिटांवर बहुतेक १ ला २ लिहिलेलं असतं आणि ते चूकही नाही, पण ते कुठल्या पातेल्याला आणि किती क्विनोआला हे लिहिलेलं नसतं, खरी गडबड तिथं होते. दाणा स्वतः साधारण दीडपट पाणी पितो. वरचं जे पाणी तुम्ही घालता ते वाफेवर जाण्यासाठी असतं. किती वाफ जाते ते पातेल्यावर आणि झाकणावर आहे, क्विनोआ किती आहे त्याच्यावर नाही. मी एकदा बघायचंच म्हणून त्याच पातेल्यात नुसतं २ वाटी पाणी बारीक आचेवर, वर ताट झाकून १५ मिनिटं ठेवलं, गार झाल्यावर मोजलं तर जवळपास अर्धी वाटी गेली होती. मग सगळं लक्षात आलं. एक वाटी क्विनोआला दीड वाटी दाण्याची आणि अर्धी वाटी वाफेची, झाली दोन वाट्या, बरोबर. पण पाहुणे आले म्हणून तीन वाट्या केला तर दाण्याला साडेचार आणि वाफेला तीच अर्धी-पाऊण, म्हणजे पाच किंवा सव्वापाच वाट्या. मी दुप्पट-तिप्पट हिशोबानं सहा घालायचे आणि तो चिखल व्हायचा. घट्ट बसणारं काचेचं किंवा रबराचं झाकण असेल तर एका वाटीला पावणेदोनच घाला, ताट किंवा सैल झाकण असेल तर दोन. पहिल्या वेळी तुमच्या पातेल्याचं हे बघून ठेवा, मग कायमचं कळतं.

परतलेल्या क्विनोआत गरम पाणी ओता, अंगावर वाफ येते म्हणून हात लांब ठेवून, पाव चमचा मीठ घाला, मोठ्या आचेवर पूर्ण उकळी येऊ द्या. उकळी आली की बारीक शेगडीवर घ्या, अगदी बारीक आच, झाकण घाला, १५ मिनिटं. ह्या १५ मिनिटांत ढवळायचं नाही आणि झाकण उघडायचं नाही. ओट्समधे ढवळल्यानं फायदा होता, इथं दाणा मऊ पडत असताना ढवळलं की तो फुटतो, चिकट होतो, वर ज्या वाफेवर वरचा थर शिजणार असतो ती वाफ निघून जाते, आणि मग खालचा शिजलेला आणि वरचा कच्चा अशी दोन मजली अवस्था होते. तुमची शेगडी कितीही बारीक केली तरी जोरात जळत असेल, तर पातेल्याखाली जुना तवा ठेवा, भाताला वाफ आणताना ठेवतो तसा.

१५ मिनिटांनी झाकण उघडून पातेलं थोडं तिरकं करा. तळाला पाणी वाहताना दिसलं नाही तर बंद. मधे मधे बारीक भोकं पडलेली दिसतात, भाताला पडतात तशी, ती चांगली खूण. एक दाणा बोटांनी चिरडून बघा, मधे पांढरा ठिपका राहिला असेल तर कच्चा आहे. शिजलेला दाणा अर्धपारदर्शक होतो आणि त्याच्या कडेनं एक पांढरी बारीक शेपटी सुटलेली दिसते, दोऱ्याच्या तुकड्यासारखी वळलेली. तो दाण्याचा अंकुर असतो. आत्यांना पहिल्यांदा वाटलं होतं अळी आहे, ताटावरून उठल्या होत्या, म्हणून घरात ज्येष्ठ मंडळींना वाढायच्या आधी सांगून ठेवा. सगळ्या दाण्यांना शेपटी सुटली की शिजला.

मग पुन्हा झाकण घालून १० मिनिटं तसाच, गॅस बंद. ही १० मिनिटं सोडू नका, गरम गरम उपसला की वरून ओला आणि आतून जरा कच्चट लागतो, मुरला की ओलावा सगळीकडं सारखा होतो. नंतर काट्याच्या चमच्यानं, डावानं नाही, वरून खाली हलकं मोकळं करायचं. एका वाटीचा साधारण तीन वाट्या होतो. पोत भगरीच्या भातापेक्षा मोकळा, दाणा मऊ पण चावताना शेपटी जरा कुटकन लागते, ती तशीच लागायला पाहिजे. हे पांढऱ्याचं झालं, लाल किंवा काळा क्विनोआ आणला तर त्याची साल टणक असते, ३ ते ५ मिनिटं जास्त द्यायची आणि तरी तो पांढऱ्याएवढा मऊ होत नाही.

बिघडला तर घाबरू नका, दोन्हीकडून वाचतो. पाणी संपलं आणि ठिपका दिसतोय तर ३-४ चमचे उकळतं पाणी कडेनं शिंपडून झाकण घाला, बारीक आचेवर ४-५ मिनिटं, गार पाणी घातलं तर शिजणं थांबतं. उलट दाणा शिजला आणि पाणी उरलं, तर शिजवत बसू नका, गाळणीत ओतून पाणी काढा, रिकाम्या पातेल्यात परत घाला, झाकण न घालता मिनिटभर बारीक आच देऊन मग झाकून ठेवा. हे पाणी काढलं म्हणून काही हरकत नाही.

मऊ क्विनोआ होतो का, हे मला दोघी-तिघींनी विचारलंय. १ ला ३ पाणी, २० ते २५ मिनिटं, आणि इथं मात्र शेवटची ८-१० मिनिटं झाकण काढून ढवळत. सैल होतो, मूगडाळ घालून खिचडीसारखा करता येतो, मामांनी खाल्लाय. पण तांदळासारखा विरघळून एकजीव होत नाही, दाणा शेवटपर्यंत दाणाच राहतो आणि भोवती पातळ पाणी. ज्याला बिनदातानं गिळायचं आहे त्याला ओट्सच द्या.

एका सकाळचं वेळापत्रक

सात वाजता १ वाटी क्विनोआ धुऊन गाळणीत. ७ वाजून १० ला परतायला घेते, शेजारी पाणी तापत असतं. सव्वासातला त्यात २ वाटी गरम पाणी, उकळी आली की बारीक शेगडीवर, ताट झाकून. घड्याळात ७ वाजून १८. आता मोठी शेगडी मोकळी, तिच्यावर ओट्स, १ वाटी ओट्स आणि २ वाटी गार पाणी, मीठ. ७ वाजून २३ ला उकळी, आच कमी करून ढवळत ६ मिनिटं, ७ वाजून २९ ला रेघ बघून बंद, झाकण. तोवर मामा देवपूजा उरकतात. ७ वाजून ३३ ला क्विनोआ बघायचा, बंद, परत झाकून. मामांना ओट्स वाढून त्याच वेळी कढईत तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, दोन मिरच्या, मूठभर शेंगदाणे, एक कांदा, गाजर. पावणेआठला क्विनोआ काट्यानं मोकळा करून परातीत पसरायचा, ५ मिनिटं. गरम असताना कढईत टाकला की परतताना दाणे मोडतात आणि डब्यात बंद केला की त्याचीच वाफ त्याला ओला करते. मग फोडणीत २ मिनिटं वरखाली, लिंबू, कोथिंबीर, आणि कोमट झाला की डबा बंद.

उरलेल्याचं सांगते. ओट्स फ्रीजमधे थापल्यासारखे घट्ट होतात, दुसऱ्या दिवशी पाव वाटी पाणी किंवा दूध घालून चमच्यानं आधी मोडून घ्या, मग बारीक आचेवर गरम करा, सरळ मोठ्या आचेवर ठेवलं तर तळ करपतो आणि मधला गोळा गारच. क्विनोआ उलट फ्रीजमधे जास्त मोकळा होतो, दाणा थोडा कडक पडतो, दोन चमचे पाणी शिंपडून झाकून ३ मिनिटं वाफ दिली की परत मऊ. म्हणून रविवारी पाहुण्यांसाठी करायचा असेल तर मी शनिवारी रात्रीच शिजवून पसरून गार करून फ्रीजमधे ठेवते, आणि रविवारी सकाळी नुसती फोडणी द्यायची राहते.